'उपेक्खा'ची 'उपेक्षा' कुणी केली?

गेल्या जूनमध्ये आमच्या वस्तीतली एक आई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आमच्याकडे आली. मुलगी बारावी सायन्स झालेली, सीईटी दिलेली, आणि जात पडताळणी समितीने प्रस्तावात त्रुटी काढलेली. त्रुटी काय, तर अर्जदाराचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले आहे. जन्मदाखल्यावर 'उपेक्खा', शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर 'उपेक्षा', आणि आधार कार्डावर 'उपेख्खा'.

"दादा, मी तर भन्तेजींकडून कागदावर लिहूनच आणलं होतं नाव," ती माउली म्हणाली. "जन्माच्या दाखल्यावर बरोबर आहे बघा. शाळेत घालताना तोच दाखला दिला होता. तिथल्या बाबूनं बघितला आन् म्हणाला, हे अशुद्ध आहे, मी शुद्ध करून लिहितो."

तर आजचा विषय हा 'शुद्ध करून लिहितो'. ही एका बाबूची चूक असती तर आम्ही लेख लिहिला नसता. त्याच कागदांच्या गठ्ठ्यात वंशावळ होती. तीत आजोबांचे नाव कचरू. वडिलांचे नाव घरात, विहारात, लग्नपत्रिकेत धम्मपाल, आणि शाळेच्या दाखल्यावर धर्मपाल. म्हणजे एकाच घरात सलग दोन पिढ्यांची नावे शाळेच्या टेबलावर 'शुद्ध' झाली. आजोबांचे नाव मात्र कुणी शुद्ध केले नाही. कचरू हे नाव जसेच्या तसे रजिस्टरात उतरले, कारण ते जिथे असायला हवे असे व्यवस्थेला वाटत होते तिथेच होते.

कुणी म्हणेल, कचरू, धोंडू, दगडू ही नावे नजर लागू नये म्हणून इतर जातींतही ठेवली जात. खरे आहे. पण मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावीत याचा नियमच आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनाशी जोडलेले आणि शूद्राचे किळस वाटावी असे. त्यामुळे एखाद्या घराने नजरेच्या भीतीने ठेवलेले नाव आणि एका अख्ख्या समाजाला पिढ्यानपिढ्या चिकटलेली नावे यांत फरक करावाच लागतो. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आमच्या आईबापांनी मुलांची नावे बदलली, ती हौस म्हणून नव्हे. कचरूच्या मुलाचे नाव धम्मपाल होणे ही दीक्षाभूमीवर घेतलेल्या निर्णयाची घरातली अंमलबजावणी होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उपेक्खा आणि उपेक्षा हा एकाच शब्दाच्या स्पेलिंगचा फरक आहे का?

व्युत्पत्तीने पाहिले तर दोन्हींची घडण एकच आहे. 'उप' म्हणजे जवळून आणि 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. पालीत तो धातू 'इक्ख्' होतो. नीट जवळून, तोल न जाऊ देता पाहणे, हा उपेक्खेचा गाभा. मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा हे चार ब्रह्मविहार. सात बोज्झंगांत शेवटचा उपेक्खेचा, दहा पारमितांत शेवटची उपेक्खा. जिथे जिथे क्रम आहे तिथे ती शेवटी येते, कारण आधीचे सगळे साधल्यावरच ती साधते. लाभ आणि हानी, यश आणि अपयश, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख या आठ गोष्टी माणसाला हलवत राहतात. त्या येऊनही ज्याचे मन ढळत नाही त्याच्यात उपेक्खा आहे. एखाद्या बापाने आपल्या मुलीचे नाव हे ठेवले तर तो म्हणतो आहे, पोरी, जग तुला नावे ठेवील, कधी डोक्यावर घेईल, तू दोन्ही वेळेस उभी राहा.

आता मराठीतली उपेक्षा. दुर्लक्ष, हेळसांड, कुणी न विचारणे. 'दलितांची उपेक्षा', 'उपेक्षित समाज' असे शब्द आपण रोज वापरतो. वर्गात बाईंनी हजेरी घेताना पहिल्याच दिवशी विचारले होते, "अगं, मुलीचं नाव कुणी उपेक्षा ठेवतं का?" वर्ग हसला. मुलगी आईला सांगत होती की तेव्हापासून नाव विचारले की ती फक्त आडनाव सांगायची.

2011 साली सातारा जिल्ह्यात 'नकुशा', 'नकोशी' अशी नावे असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींचे सरकारी कार्यक्रमात नामांतर झाले. मुलगी नको होती म्हणून ठेवलेली ती नावे होती, आणि ती पुसून त्या मुलींना नवी नावे मिळाली. आमच्या या मुलीच्या बाबतीत उलटे झाले. हवीहवीशी मुलगी, विचार करून ठेवलेले नाव, आणि शाळेने एका अक्षराच्या फटक्यात तिची नकोशी केली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. संस्कृतात उपेक्षा म्हणजे केवळ दुर्लक्ष असे नाही. पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चौकडी याच क्रमाने येते आणि तिथे उपेक्षेचा अर्थ समभावाच्याच जवळचा आहे. बौद्धांनी संस्कृतात लिहिलेल्या ग्रंथांतही तो शब्द आपल्याच अर्थाने येतो. पण मराठीत त्यातला तोल गळून पडला आणि पाठ फिरवणे तेवढे उरले. मुलीला आयुष्य काढायचे आहे ते मराठीत, पतंजलीच्या सूत्रात नव्हे.

आणि यात आणखी एक मजा आहे, दुःखद मजा म्हणा. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक 'जवळचा शत्रू' सांगितला आहे. तो गुणासारखाच दिसतो आणि म्हणून फसवतो. उपेक्खेचा जवळचा शत्रू कोणता? अज्ञानातून आलेली बेफिकिरी. काही कळत नाही म्हणून काही वाटत नाही, ती अवस्था. पाली परंपरेने पंधराशे वर्षांपूर्वी बजावून ठेवले की या दोन्हींत गल्लत करू नका. शाळेच्या बाबूने नाव शुद्ध करताना नेमकी तीच गल्लत रजिस्टरात शाईने लिहिली.

आता 'अशुद्ध' या आरोपाकडे. पाली म्हणजे बिघडलेली संस्कृत, असे आजही शाळाशाळांत शिकवले जाते. पालीला स्वतःचे नियम आहेत आणि ते इतके सरळ आहेत की विहारातला दहावीचा मुलगा एका रविवारी शिकतो. पालीत श आणि ष नाहीत, फक्त स आहे. ऋ नाही, ऐ आणि औ नाहीत, विसर्ग नाही. वेगवेगळी दोन व्यंजने एकत्र आली की बहुतेक वेळा त्यांचे एकाच जातीचे जोडाक्षर होते, म्हणून धर्मचे धम्म, पुत्रचे पुत्त, सत्यचे सच्च, मार्गचे मग्ग. जोडाक्षराच्या आधीचा स्वर लांब राहत नाही, म्हणून मार्गमधला 'मा' आखूड होऊन 'म' झाला. आणि ख, घ, थ, ध, भ यांसारखे अक्षर दुप्पट होते तेव्हा पहिले अर्धे अक्षर हलके असते. क्ख, ग्घ, त्थ, द्ध, ब्भ. म्हणून भिक्खु, म्हणून सिद्धत्थ, म्हणून उपेक्खा.

आधार केंद्रावरच्या मुलाने 'उपेख्खा' लिहिले ते या शेवटच्या नियमामुळे चुकले. पण त्याला आम्ही दोष देत नाही. मराठीत आपण लख्ख, मख्ख असेच लिहितो. त्याने इंग्रजीत Upekkha टाइप केले, बाजूला काहीतरी मराठी उमटले, ते त्याने कानाला पटेल तसे केले. त्या चुकीत नाव जिवंत राहिले. बाबूच्या 'शुद्धी'त ते मेले. आम्हाला विचाराल तर उपेख्खा ही उपेक्षापेक्षा हजारपट बरी.

पालीचे हे नियम परके वाटत असतील तर आपल्या घरातली मराठी ऐका. सप्तचे सत्त आणि सत्तचे सात. हस्तचे हत्थ, मग हात. कर्णचे कण्ण, मग कान. दुग्धचे दुद्ध, मग दूध. कर्मचे कम्म, आणि त्या कम्मचे आपले रोजचे काम. पाली आणि आपली महाराष्ट्री प्राकृत या दोन वेगळ्या भाषा आहेत, त्या एकच असल्याचा दावा आम्ही करत नाही. पण दोघींची चाल एक आहे. 'मी कामाला जातो' म्हणणाऱ्या माणसाला कुणी बाबू 'कर्माला जातो असे शुद्ध लिहा' असे सांगत नाही. कामगाराच्या कामाला जे स्वातंत्र्य आहे ते धम्मपालच्या धम्माला का नाही?

पाली ही संस्कृतची लेक नव्हे, हेही भाषाशास्त्राने केव्हाच दाखवले आहे. छोटे उदाहरण पुरे. 'इथे' या अर्थाचा पाली शब्द 'इध', संस्कृत शब्द 'इह'. यात पालीचा ध जुना आहे आणि संस्कृतातला ह नंतर झालेला आहे. लेक आईपेक्षा म्हातारी कशी असेल? दोघी एका जुन्या घराण्यातल्या आहेत. त्यातल्या एकीला राजदरबार आणि यज्ञमंडप मिळाला आणि दुसरीने बाजारात, रस्त्यावर, विहारात लोकांशी बोलणे पसंत केले.

पुरावा लांब शोधायला नको. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहा आणि खांबांवरचे लेख पाहा. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी ते खांब दान दिले. यवन म्हणजे बाहेरून आलेले लोक. त्यांतल्या एका लेखात 'सिहधय' आहे, सिंहध्वज नाही. दुसऱ्यात 'धंम' आहे, धर्म नाही. मुंबईजवळच्या सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले, तीही प्राकृत. म्हणजे महाराष्ट्राच्या दगडावर जी सर्वांत जुनी नावे कोरलेली आहेत ती आमच्या मुलांच्या नावांच्या जातकुळीची आहेत. दगडावर 'धंम' अनुस्वार देऊन लिहिले काय आणि आपण 'धम्म' लिहिले काय, र मात्र कुठेच नाही.

अशोकाचीच गोष्ट घ्या. शिलालेखांत तो स्वतःला 'देवानंपिय पियदसि' म्हणवतो. देवांना प्रिय असलेला. ही त्याची बिरुदावली. पुढे संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत 'देवानांप्रिय' या शब्दाचा अर्थ काय नोंदवला गेला? मूर्ख. हे कसे आणि का घडले यावर विद्वान वाद घालोत. आम्हाला एवढेच दिसते की बौद्ध राजाचे बिरूद संस्कृतात गेले आणि शिवी होऊन परत आले. उपेक्खा शाळेत गेली आणि उपेक्षा होऊन परत आली. दोन हजार वर्षांत टेबल तेवढे बदलले.

धम्मपाल ते धर्मपाल या बदलाबद्दलही बोलायला हवे, कारण तो इतका सर्रास आहे की आपल्यालाच त्याचे काही वाटेनासे झाले आहे. मराठीत धर्म म्हटले की मजहब आला, कुलधर्म आला, वर्णाश्रमधर्म आला, दारात येणाऱ्याला वाढायचा दानधर्म आला. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये धर्म आणि धम्म यांचा फरक सविस्तर मांडला आहे. धर्म माणसाने स्वतःपुरता ठेवायचा असतो असे मानतात, धम्म मात्र माणूस आणि माणूस यांच्या संबंधाचा आहे, एकटा माणूस असेल तर धम्माची गरज नाही, दोन माणसे आली की आहे. इंग्रजी पुस्तकाच्या नावातही त्यांनी पाली शब्दच ठेवला. आयुष्याच्या अखेरपर्यंत ते पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम करत होते. ते महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणे मालिकेच्या 16 व्या खंडात छापले आहे. धम्मपाल म्हणजे या धम्माचा राखणदार. धर्मपाल म्हटल्यावर तो कशाची राखण करतो आहे, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे.

पण थांबा. इथे आपल्यातलेच काही कार्यकर्ते आता बाह्या सरसावतील आणि म्हणतील, मग सगळी संस्कृत नावे हाकला. आम्हाला हे मान्य नाही. आपल्या घराघरांत प्रज्ञा आहे, सम्यक आहे, सिद्धार्थ, गौतम, यशोधरा, संघमित्रा, महेंद्र आहेत. यांतले एकही रूप पाली नाही. पालीत ती पञ्ञा, सम्मा, सिद्धत्थ, गोतम, यसोधरा, संघमित्ता आणि महिंद होतात. खुद्द बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सिद्धार्थ आणि यशोधरा असे लिहिले, आणि त्याच ग्रंथात सारिपुत्त आणि मोग्गल्लान असे पालीतही लिहिले. मुंबईत त्यांनी कॉलेज काढले तेही सिद्धार्थच. महाबोधी सोसायटी स्थापन करणाऱ्या सिंहली अनागारिकांनी आपले नाव धर्मपाल असेच घेतले होते, कारण सिंहली भाषेची ती रीत आहे. अश्वघोष, नागार्जुन हे आपलेच, आणि त्यांनी लिहिले संस्कृतात. तेव्हा संस्कृत रूप म्हणजे ब्राह्मणी रूप असे समीकरण मांडणाऱ्याने आधी आपल्या घरातल्या प्रज्ञाला काय हाक मारणार ते सांगावे. कुणी स्वतःहून मुलाचे नाव धर्मपाल ठेवले असेल तर ते त्याचे आहे. ठेवलेले नाव कुणी परस्पर बदलले, यावर आमचा आक्षेप आहे.

काही नावे अशीही आहेत की ज्यांत दोन्ही भाषांची गाठ बसली आहे. धम्मशील घ्या. 'धम्म' पाली, 'शील' संस्कृत. अस्सल पाली हवे तर धम्मसील म्हणावे लागेल, आणि मराठी माणूस त्यावर लाखेचे सील मारील. वंदनेत आपण 'पञ्चसील' म्हणतो आणि वस्तीच्या कमानीवर पंचशील नगर लिहितो. धम्मज्योती, धम्मरक्षित, धम्मश्री ही सगळी याच घडणीची. आम्हाला ती मराठी बौद्ध नावे म्हणून पूर्ण मान्य आहेत. मिलिंदचे तर काय सांगावे. ग्रीक राजा मिनँडर, पालीत मिलिंद, त्यावरून औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय आणि भोवतालचे नागसेनवन. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. आमच्या एका मित्राला त्याचे ब्राह्मण सहकारी कौतुकाने 'भ्रमर' म्हणतात. तो हसून भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाची गोष्ट सांगतो.

आम्हाला खटकते ते खोटे पाली. अक्षर डबल केले की पाली झाले, असा एक समज आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पसरला आहे. सिद्धार्थचे 'सिद्धात्थ' करतात. वर सांगितलेला नियम लावा. जोडाक्षराच्या आधी 'धा' लांब राहील का? सिद्धत्थ. एखाद्या नावाला कुणी पाली म्हणत असेल आणि त्यात श, ष किंवा रफार दिसत असेल तर ते बहुधा पाली नाही. एखाद्या जाणत्या भन्तेंना किंवा पाली शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दहा मिनिटे विचारावे. मुलाला ते नाव ऐंशी वर्षे वापरायचे आहे.

आणि 'पञ्ञा'बद्दल एक व्यावहारिक सूचना. ञ्ञ हे जोडाक्षर मराठी माणसाच्या हातात नाही. आम्ही त्याचे पन्ना, पन्या, पंञा असे सगळे अवतार कागदावर पाहिले आहेत. पन्ना म्हटले की लोकांना पाचूचा खडा आठवतो. इंग्रजीत तर आणखी घोळ. मराठी प्रज्ञा Pradnya लिहिते, हिंदी पट्ट्यात Pragya, आणि पुस्तकात Prajna. पञ्ञा ठेवायचे असेल तर खुशाल ठेवा, पण मग पुढची कागदपत्रे स्वतः तपासत बसायची तयारी ठेवा.

ही तयारी म्हणजे काय, ते त्या मुलीच्या कागदांवरून सांगतो. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते आणि आपल्याकडे नामकरण बरेचदा त्यानंतर होते. त्यामुळे नावाचा रकाना कोराच राहतो, आणि मग मुलाचे नाव पहिल्यांदा कागदावर लिहितो तो शाळेचा बाबू. आपल्या समाजातल्या कितीतरी धम्मपालांचे धर्मपाल इथेच झाले. जन्मनोंदीत नाव नंतर घालता येते, पहिल्या वर्षात विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला आहे. त्या दिवसानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा. म्हणजे आता रकाना कोरा ठेवणे आणखी महाग पडणार, आणि भरलेला रकाना आणखी भक्कम आधार होणार.

या आईने तर रकाना भरला होता. ती चुकली ती एकाच ठिकाणी. प्रवेशानंतर शाळेच्या जनरल रजिस्टरातली नोंद तिने डोळ्याने पाहिली नाही. पहिलीत पाहिली असती तर मुख्याध्यापकांकडे जन्मदाखल्याची प्रत जोडून अर्ज, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, आणि काम झाले असते. दहावीच्या परीक्षेआधी बोर्डाची प्री-लिस्ट सहीला येते तेव्हा दुसरी संधी होती. मुलीने नाव पाहिले आणि सही केली, कारण तोपर्यंत दहा वर्षे ती त्याच नावाने हजेरी देत होती. शाळा सुटली, बोर्डाचे प्रमाणपत्र हातात आले, की तेच काम अनेक पटींनी अवघड होते. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, पुन्हा शाळा, पुन्हा बोर्ड.

आम्ही त्रुटीला उत्तर तयार केले. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, मूळ जन्मनोंदीचा उतारा, आणि वडिलांच्या धम्मपाल-धर्मपालसाठी वेगळे प्रतिज्ञापत्र. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून आजोबांच्या बाजूची जुनी नोंद होती, आणि तिच्यात नावाचा काहीही घोळ नव्हता. कचरू स्पष्ट अक्षरात. समितीतले अधिकारी सभ्यपणे वागले. त्यांच्यापैकी एकाने विचारले, "हे उपेक्खा म्हणजे काय हो?" मुलीनेच उत्तर दिले. आठ लोकधम्म तिने बोटांवर मोजून सांगितले. वैधता प्रमाणपत्र आले, मुदतीच्या आत. पण ते आले दहावीच्या नावाने. प्रवेश मिळाला उपेक्षाला.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच बैठकीत अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले. आम्ही त्या शाळेला दिलेल्या अर्जात हा मुद्दाही लिहिला आहे. भारत सरकार जिला अभिजात भाषा म्हणते तिच्यातले नाव आपल्या रजिस्टरात 'अशुद्ध' ठरवण्याचा अधिकार कोणत्या नियमाने मिळाला, ते लेखी कळवावे. उत्तर अजून आलेले नाही. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि नाव बदलाची पुढची प्रक्रिया स्वतः करणार म्हणते. वहीवर ती उपेक्खा लिहिते. क खाली ख, नीट.

गेल्या महिन्यात त्याच गल्लीत एका घरी नामकरण होते. मुलीचे नाव ठरले खेमा. बुद्धांच्या भिक्खुणींत प्रज्ञेने अग्र म्हणून जिचे नाव घेतात, राजा पसेनदीने जिला जाऊन प्रश्न विचारले, ती खेमा. नाव जाहीर झाल्यावर मुलीचा निवृत्त शिक्षक असलेला मामा हळूच आमच्या कानाशी येऊन म्हणाला, "क्षमा ठेवलं असतं तर बरं झालं नसतं का? तेच तर आहे शुद्ध." आम्ही म्हटले, "मामा, तेच नाही. खेमाचं संस्कृत क्षेमा होतं. क्षेम म्हणजे निर्भय, सुखरूप. 'क्षेमकुशल'मधलं. क्षमा वेगळी, तिचं पालीत खमा होतं. आपल्या पोरीनं कुणाची माफी मागायची आहे?" मामा थोडे गप्प झाले. मग त्यांनीच खिशातले पेन काढले आणि लग्नाच्या जुन्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर देवनागरीत 'खेमा' आणि खाली Khema असे मोठ्या अक्षरांत लिहून मुलीच्या बापाच्या हातात दिले. "उद्या ग्रामपंचायतीत जाताना हे घेऊन जा," म्हणाले, "आणि दाखला मिळाला की तिथंच उभं राहून वाच."